चौघींचा हिशोब, महिन्याला एक मेसेज

‘लाइटबिल ४,३७० आलंय. प्रत्येकी १,०९२. प्लीज जीपे करा.’

पुण्यात कर्वेनगरपासून वाकड-हिंजवडीपर्यंत चार-चार जणी, चार-चार जण मिळून फ्लॅट घेऊन राहतात. तिथल्या ग्रुपवर असा मेसेज दर महिन्याला पडतो. दोघी लगेच अंगठा दाखवतात, एक जण ‘संध्याकाळी करते’ म्हणते आणि चौथी मेसेज वाचून गप्प बसते. तिचा राग पैशांवर नसतो. तिच्या खोलीत एसी नाही, गेले दहा दिवस ती गावी लग्नाला गेली होती, आणि तरीही तिला सगळ्यांइतकंच बिल आलेलं असतं. हे तिने ग्रुपवर लिहिलं तर ती चिकट ठरते. नाही लिहिलं तर पुढच्या महिन्यात दुधाच्या पिशवीवरून भांडण होतं आणि ते दुधाचं नसतंच.

या मेसेजमध्ये आकडा आहे, पण तो कसा आला ते नाही. भागायला चार एवढाच नियम गृहीत धरलाय आणि तो कुणी कुणाला विचारून ठरवलेला नाही. भाडं, वीज आणि किराणा हे तीन खर्च तीन वेगवेगळ्या कारणांनी वाढतात. भाडं खोलीमुळे, वीज वापरामुळे, किराणा हजेरीमुळे. तिन्हींना एकच भागाकार लावला की कुणावर तरी अन्याय होतो, आणि दर महिन्याला तो तिच्यावरच होतो.

एक उदाहरण घेऊन पूर्ण हिशोब मांडू. नावं आणि आकडे उदाहरणापुरतेच. दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडं २८,००० रुपये. मोठ्या खोलीला स्वतंत्र बाथरूम, बाल्कनी आणि घरमालकाने बसवलेला एसी. छोट्या खोलीला यातलं काही नाही. मोठ्या खोलीत सायली आणि रेवती, छोट्या खोलीत मधुरा आणि श्रुती.

भाड्याची वाटणी वर्षातून एकदाच करायची असते, राहायला येतानाच. तेव्हाच ती नीट केली तर पुढचे अकरा महिने त्यावर बोलावं लागत नाही. बहुतेक ठिकाणी ‘मोठ्या खोलीवाल्यांनी थोडे जास्त द्या’ असं म्हणून अंदाजाने पाचशे रुपये वाढवतात. ते पाचशेच का, हे कुणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा छोटासा लिलाव करावा. दोन्ही खोल्यांना सुरुवातीला १४,००० भाव लावायचा. दोन्ही जोड्यांना अर्थातच मोठी खोली हवी असते. मग मोठीचा भाव ५०० ने वाढवायचा आणि छोटीचा ५०० ने उतरवायचा, म्हणजे बेरीज २८,००० च राहते. पुन्हा विचारायचं. कधीतरी एक जोडी म्हणते, ‘एवढं असेल तर आम्हाला छोटीच चालेल.’ तिथे थांबायचं. आपल्या उदाहरणात हे १५,५०० आणि १२,५०० वर घडलं. म्हणजे सायली-रेवतीला ७,७५० प्रत्येकी आणि मधुरा-श्रुतीला ६,२५०. आता मोठी खोली कुणाला ‘मिळाली’ असं म्हणताच येत नाही, कारण दोन्ही जोड्यांनी त्या भावाला आपापली खोली निवडलीय.

ही नुसती युक्ती नाही. फ्रान्सिस सू या अमेरिकन गणितज्ञाने १९९९ साली ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’ या नियतकालिकात घरभाड्याच्या वाटणीवरच लेख लिहिला. काही साध्या अटी पाळल्या जात असतील, तर प्रत्येकाला वेगळीच खोली पसंत पडेल अशी भाड्याची वाटणी असतेच, हे त्याने त्यात सिद्ध केलं. आपल्याला त्या सिद्धतेत शिरायची गरज नाही. पण ‘असा भाव निघेलच कशावरून?’ असं कुणी विचारलं, तर उत्तर तयार आहे.

विजेचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे आणि खरं भांडण तिथेच होतं. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि पुढे चौथा. पुष्कळांना वाटतं की ३०० ओलांडले की सगळीच युनिटं महाग होतात. तसं नसतं. वरची तेवढी युनिटं वरच्या दराने लागतात, खालची खालच्याच दराने. त्याशिवाय वहन आकार, स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क असतं. दर बदलत राहतात, म्हणून इथे गोल आकडे घेतो. वहन आकार धरून पहिला टप्पा ६ रुपये, दुसरा १२ आणि तिसरा १६, आणि स्थिर आकार १३० रुपये.

एप्रिलमध्ये घराची एकूण ३४० युनिटं झाली. पहिली १०० युनिटं ६०० रुपयांची, पुढची २०० युनिटं २,४०० ची, वरची ४० युनिटं ६४० ची. त्यात १३० स्थिर आकार मिळवला की ३,७७०. त्यावर १६ टक्के शुल्क धरून बिल ४,३७० च्या घरात जातं. आता यात एसीची युनिटं किती? हे माहीत नसेल तर पुढची सगळी चर्चा हवेतली. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे इलेक्ट्रिशियनकडून एसीच्या पॉइंटवर छोटा सबमीटर बसवून घेणं. घरमालकाला आधी विचारायचं, आणि खर्च एसी वापरणाऱ्या खोलीने करायचा. मग महिन्यातून एकदा त्याचा फोटो काढला की काम झालं.

सबमीटर नसला तरी अगदीच अडत नाही. जिन्याखालच्या किंवा पार्किंगमधल्या आपल्या मीटरकडे नीट बघा. त्यावर लुकलुकणारा एक लाल दिवा असतो आणि शेजारी 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे तो दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. आकडा प्रत्येक मीटरला वेगळा असू शकतो, आपल्या मीटरवरचा वाचायचा. घरातलं सगळं बंद करायचं, फ्रिजचंही बटण पाच मिनिटं बंद, फक्त एसी चालू. एकीने वर थांबायचं, दुसरीने खाली मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मोजायचं. मिनिटाला ७५ वेळा लुकलुकला तर तासाला ४,५०० वेळा, म्हणजे तासाला १.४ युनिटं. इन्व्हर्टर एसी असेल तर खोली थंड झाल्यावर हा वेग बराच उतरतो. म्हणून सुरू केल्या केल्या एकदा आणि तासाभराने एकदा असं दोनदा मोजलेलं बरं. त्यावरून रात्रीच्या तासांचा अंदाज बांधता येतो. अंदाज तो अंदाजच, पण दोघींनी मिळून मोजलेला असल्यामुळे त्यावर वाद होत नाही.

समजा, सबमीटरने एसीची १४० युनिटं दाखवली. इथे दोन तर्क पुढे येतात आणि दोन्ही बरोबर वाटतात. छोट्या खोलीचं म्हणणं असं: एसी नसता तर घराची २०० युनिटं झाली असती आणि बिल आलं असतं २,२४०. म्हणजे एसीमुळे वाढले २,१३० रुपये. एसीचं युनिट पंधरा रुपयांच्या वर पडलं, कारण महागडे टप्पे त्यानेच भरले. मोठ्या खोलीचं म्हणणं असं: स्वस्त टप्प्यातली पहिली १०० युनिटं सगळ्या घराची आहेत, ती एकट्या फ्रिज-गिझरला का द्यायची? बिलाची सरासरी काढा. सरासरीने युनिट पडतं पावणेतेरा-तेरा रुपयांना आणि एसीच्या वाट्याला येतात १,८००.

तर्काने बघितलं तर मला छोट्या खोलीचं म्हणणं जास्त पटतं. पण हिशोब करून बघितल्यावर मी सरासरीचीच पद्धत सुचवीन. मधुरा आणि श्रुतीला सरासरीने ६४२ रुपये पडतात, त्यांच्या पद्धतीने पडले असते ५६०. फरक ब्याऐंशी रुपयांचा. तेवढ्यासाठी दर महिन्याला टप्प्यांची आकडेमोड कुणी करत बसणार नाही. सरासरीची पद्धत मात्र मेसेजमध्ये एका ओळीत मावते आणि चौघींपैकी कुणीही ती मोबाइलवर पडताळून बघू शकते. मे महिन्यात बिल ५०० युनिटांच्या पुढे गेलं आणि फरक अडीचशे-तीनशेवर पोचला, तर तेव्हा पुन्हा बसावं. तसंही दोन्ही खोल्यांत एसी असतील तर ‘महागडी युनिटं कुणाची’ हा प्रश्न सुटतच नाही, तिथे सरासरीच घ्यावी लागते.

श्रुती दहा दिवस नव्हती, तिला विजेत सवलत द्यायची का? माझ्या मते नाही. ती नसतानाही फ्रिज चालू होता, राउटर चालू होता, बैठकीतला पंखा फिरत होता. तिच्या गैरहजेरीत वाचलं असेल ते तिच्या गिझरचं. दोन किलोवॉटचा गिझर रोज पंधरा मिनिटं म्हणजे अर्धं युनिट, दहा दिवसांचं पाच युनिटं. त्यासाठी वेगळा नियम करू नये.

बिल हातात आल्यावर पैसे मागण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे चालू रीडिंग आणि मागील रीडिंग हे खरोखर घेतलेले आकडे आहेत की मीटरपर्यंत पोचता आलं नाही म्हणून सरासरी बिल लावलंय. सरासरीचं असेल तर पुढच्या खऱ्या बिलात कमी-जास्त होणार, आणि मधल्या काळात कुणी घर सोडलं तर तिचा हिशोब चुकीचा निघणार. म्हणून दर महिन्याला मीटरचा स्वतःचा एक फोटो असावाच. दुसरी गोष्ट अशी की उन्हाळ्याच्या सुमारास महावितरणकडून अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येऊ शकतं. ते वापरलेल्या विजेचं बिल नसतं. ती ग्राहकाची ठेव असते आणि ग्राहक म्हणून बिलावर नाव घरमालकाचं असतं. कित्येक मुलं ते लाइटबिल समजून भरून टाकतात आणि ती ठेव मालकाच्या नावावर जमा होते. ते बिल आलं तर फोटो काढून काकांना पाठवायचं. भरायचंच झालं तर भाड्यातून वळतं करू, असं आधी लिहून घ्यायचं.

किराण्यात खरी मेख ही की सामायिक काय आणि आपापलं काय. तेल, मीठ, साखर, चहा पावडर, कणीक, तांदूळ, डाळी, कांदे-बटाटे, भांड्यांचा साबण आणि गॅसचा सिलिंडर हे सामायिक. अंडी, बिस्किटं, चीज, प्रोटीनचा डबा, शाम्पू हे ज्याचं त्याचं. मधल्या वस्तूंवर, म्हणजे दूध, फळं, मॅगी यांवर, एकदाच बसून ठरवायचं आणि ठरलेलं मेसेजमध्ये लिहायचं. सिलिंडर सव्वा-दीड महिना पुरतो म्हणून त्याचे तुकडे पाडत बसू नये. ज्या महिन्यात आला त्या महिन्याच्या किराण्यात धरायचा. कुणाला तरी चार आणे कमी-जास्त लागतील, लागू देत.

वाटणी हजेरीने. चौघी तीस दिवस घरी असत्या तर एकशे वीस जेवणदिवस झाले असते. श्रुती दहा दिवस नव्हती म्हणून ते ११०. एप्रिलचा सामायिक किराणा ६,६०० रुपये, म्हणजे दिवसाला माणशी ६०. तिघींना १,८०० आणि श्रुतीला १,२००. यात एक अट घालावीच लागते, सलग पाच दिवसांपेक्षा कमी गैरहजेरी धरायची नाही. नाहीतर शनिवार-रविवारी घरी जाणारी प्रत्येक जण दोन-दोन दिवस मोजायला लागते आणि मग ‘शुक्रवारी रात्री मी जेवलेच नव्हते’ इथपर्यंत गोष्ट जाते. हेच उलट बाजूने पाहुण्यांना लावायचं. मैत्रीण किंवा बहीण तीन रात्रींपर्यंत राहिली तर घरची पाहुणी, त्यापुढचे दिवस जिची पाहुणी तिच्या हजेरीत मिळवायचे. भांडी-झाडूपोछ्याच्या मावशींचे २,००० आणि वायफायचे ८०० मात्र हजेरीत धरायचे नाहीत. कुणी नसलं तरी मावशी येतात आणि त्यांचा पगार कापला जात नाही, कापूही नये.

आता हे सगळं मेसेजमध्ये कसं दिसतं ते बघा. भाडं आगाऊ असतं आणि बाकीचं मागचं, म्हणून मेसेजमध्ये दोन महिने एकत्र येतात. वाचणाऱ्यांचा घोळ होतो तो नेमका इथेच. पहिल्याच ओळीत ते लिहायचं.

‘मुलींनो, मेचं भाडं आणि एप्रिलचं बाकी सगळं. फोटो वर टाकलेत.
भाडं २८,०००: सायली, रेवती ७,७५०, मधुरा, श्रुती ६,२५०.
लाइट ४,३७०: एकूण ३४० युनिटं, एसी १४०. एसीचे १,८०० मोठ्या खोलीचे, उरलेले २,५७० चौघींत. सायली, रेवती १,५४३. मधुरा, श्रुती ६४२.
किराणा ६,६००: ११० दिवस, दिवसाला ६०. श्रुती २० दिवस १,२००. बाकी तिघी १,८००.
मावशी आणि वायफाय २,८००: प्रत्येकी ७००.
वाटे: सायली ११,७९३, रेवती ११,७९३, मधुरा ९,३९२, श्रुती ८,७९२. बेरीज ४१,७७०.
आधी भरलेले: रेवती ५,१७० (लाइट, वायफाय), मधुरा ७,१०० (किराणा, मावशी), श्रुती १,५०० (किराणा).
भाडं सायली भरणार. म्हणून सायलीला द्यायचे: रेवती ६,६२३, मधुरा २,२९२, श्रुती ७,२९२.
काही चुकलं असेल तर उद्या रात्रीपर्यंत इथेच सांगा. पैसे ४ तारखेपर्यंत.’

यात सगळ्यात उपयोगी ओळ बेरजेची आहे. चौघींचे वाटे मिळून ४१,७७० होतात आणि झालेले खर्च मिळूनही ४१,७७० होतात. हे जुळलं नाही तर कुठेतरी पावती राहिलीय किंवा दोनदा धरलीय, आणि ते मेसेज पाठवण्याआधीच कळतं. दुसरी गोष्ट म्हणजे वळती. रेवतीने मधुराला किराण्याचे, मधुराने रेवतीला लाइटचे, असे पैसे इकडून तिकडे फिरवले तर डझनभर व्यवहार झाले असते. प्रत्येकीचा वाटा वजा तिने भरलेले, एवढं केलं की तिघींनी एकेक व्यवहार केला आणि झालं. चौघांच्या घरात कितीही खर्च असोत, तीनपेक्षा जास्त व्यवहार कधीच लागत नाहीत. आणि ४ तारखेला ते पैसे आले की ५ तारखेचं भाडं भरताना सायलीला स्वतःचे सोळा हजार अडकवावे लागत नाहीत. हे सगळं एखाद्या हिशोबाच्या ॲपवरही होतं, हरकत नाही, पण एसीच्या खोलीचा नियम काय आणि पाच दिवसांची अट काय, हे ॲपला कुणीतरी सांगावंच लागतं.

गप्पांच्या ग्रुपवर हा मेसेज टाकू नये. तासाभरात तो मीम्सच्या खाली गाडला जातो आणि मग ‘मला दिसलाच नाही’ हे खरंही असतं. हिशोबाचा वेगळा ग्रुप, त्यात घराचे नियम पिन केलेले आणि बाकी फक्त बिलांचे फोटो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो. त्यानंतर चूक सापडली तर जुना मेसेज पुसू नये. ‘सुधारित’ असं लिहून नवा पाठवावा, म्हणजे कुणी जुन्या आकड्याने पैसे दिले असतील तर कारण कळतं. मेसेज लिहिण्याची पाळी दर तीन महिन्यांनी बदलावी, नाहीतर एक जण घरची मुनीम होते आणि उशीर झाला की तिलाच वाईटपणा घ्यावा लागतो.

कुणी मध्येच घर सोडणार असेल तर खरी परीक्षा होते. तीस दिवस आधी सांगायचं किंवा तोपर्यंत बदली माणूस आणायचं, हा नियम बहुतेक घरांत असतो. राहून जातो तो करारनाम्याचा भाग. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. त्यात ज्यांची नावं आहेत त्यांनाच मालक विचारणार. श्रुती जूनमध्ये गेली आणि तिच्या जागी आलेल्या मुलीचं नाव करारात आलंच नाही, तर कागदावर श्रुतीची जबाबदारी तशीच राहते आणि नव्या मुलीला त्या घरात राहण्याचा आधार दाखवता येत नाही. म्हणून अनामत रकमेचा हिशोब आणि नाव बदलण्याचं मालकाशी बोलणं एकाच आठवड्यात व्हावं. अनामत ८४,००० असेल तर श्रुतीचे २१,००० नवी मुलगी थेट श्रुतीला देते. त्याआधी चौघी मिळून खोलीचे फोटो काढतात आणि मोडतोड असेल तर तिची रक्कम तिथल्या तिथे वजा करतात.

राहतं ते शेवटचं लाइटबिल. ते श्रुती गेल्यानंतरच येणार. ज्या दिवशी ती बॅगा घेऊन निघेल त्या दिवशी मीटरचा आणि सबमीटरचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि तिच्याकडून हजार रुपये सायलीकडे ठेवायचे. बिल आलं की त्या रीडिंगपर्यंतचा वाटा कापून उरलेले पैसे तिला परत द्यायचे, शेवटच्या मेसेजमध्ये तिच्या नावापुढे शून्य लिहायचं आणि मग तिने ग्रुप सोडायचा.